तार सुटलेली मटकी

आमच्या घरात सुनेशी माझं भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून. मोड आलेली मटकी डब्यात भरून ती फ्रिजमध्ये ठेवते आणि विसरून जाते. आठव्या दिवशी डबा निघतो, झाकण उघडलं की वास येतो, आणि मग मला विचारते, "आई, धुऊन घेतली तर चालेल का हो?" माझं डोकंच फिरतं. नाही चालत! किती वेळा सांगू? धुऊन वास जातो, आतलं जात नाही. वर घरात दोन वर्षांचं नातवंड. फेक म्हटलं की फेक, त्यात विचारायचं काय आहे?

तिला वाटतं म्हातारी चिडकी आहे. आहेच मी चिडकी, लहानपणापासून आहे. पण ही एक चीड मी जन्माला येताना आणलेली नाही. ती मी कारंज्यात कमावली, एका सव्वा वर्षाच्या पोरीच्या जिवावर कमावली. ती पोरगी वाचली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मला पुढचं सांगायला जड जाईल.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. मी आसेगावकडची, मॅट्रिक झाले, बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि कारंज्याला महिला मंडळाच्या बालवाडीत लागले. आईला सोबत घेऊन एका खोलीत राहत होते. वडील नव्हते. आमच्या घराण्यात पगार घेणारी मी पहिली बाई, त्यामुळे गावाकडचे लोक माझ्याबद्दल असं काही बोलायचे की मी कलेक्टरच झाले आहे. प्रत्यक्षात मी तीस पोरांची नाकं पुसत होते.

बालवाडी एका धर्मशाळेच्या मागच्या खोलीत भरे. पोरं तीन ते सहा वर्षांची, बहुतेकांच्या आया जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसावर जाणाऱ्या. सकाळी गाणी, गोष्टी, मणी ओवणं आणि शेवटी खाऊ. खाऊ म्हणजे मटकीची नाहीतर मुगाची उसळ. मी रोज सकाळी दुसऱ्या दिवसापुरती मटकी भिजत घाले, संध्याकाळी फडक्यात बांधे, आणि दुसऱ्या दिवशी इवले इवले मोड आले की चुलीवर चांगली शिजवून, मीठ-हळद-गूळ घालून वाटीवाटीनं देई. पोरं वाट्या चाटूनपुसून ठेवत. माझं सगळं सुरळीत चाललं होतं. कुठं दुखत होतं का काही? नाही. पण सुरळीत चाललेलं बघवत नाही ना कोणाला.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे फ्रिज आला.

ह्या बाई मोठ्या व्यापाऱ्याच्या घरच्या. मनानं वाईट नव्हत्या, पण उंटावरून शेळ्या हाकायची भारी हौस. बालवाडीत वर्षातून दोनदा यायच्या, पोरांना रांगेत उभं करायच्या आणि सूचना देऊन जायच्या. फ्रिज त्यांनी स्वयंपाकघरात नाही ठेवला, बैठकीत ठेवला. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. दाराला कुलूप होतं, किल्ली बाईंच्या कमरेला. घरी आलेल्या माणसाला आधी फ्रिज दाखवायचा, मग पाणी द्यायचं आणि त्यात बर्फाचा खडा टाकून तो विरघळेस्तोवर त्याच्या तोंडाकडे बघायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

एक दिवस मला बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "रोज रोज कशाला भिजवता? एकदाच आठवड्याची मटकी भिजवा, मोड आणा आणि माझ्या फ्रिजमध्ये ठेवा. रोज सकाळी लागेल तेवढी घेऊन जा."

मी म्हटलं, "बाई, रोजची ताजी बरी पडते."

"अहो, फ्रिजमध्ये काही खराब होतच नाही! म्हणून तर घेतलाय." आणि पुढं, "आणि शिजवत जाऊ नका. कच्च्यातच सगळं सत्त्व असतं. परवा नागपूरहून एक पाहुण्या आल्या होत्या, त्या कच्चीच खातात. तब्येत बघा म्हणावं! सरपण वाचेल, तुमचाही वेळ वाचेल."

नागपूरच्या पाहुणीची तब्येत बघायला मी काही गेले नव्हते. माझ्या मनात होतं की पाहुणी चाळिशीची, माझी पोरं चार वर्षांची. पण बोलले नाही. बोलले असते तर बोलण्यातच राहिलं असतं, आणि माझी नोकरी त्या बाईंच्या एका सहीवर होती. हो बाई म्हटलं आणि घरी येऊन आईवर ओरडले. आई बिचारी म्हणाली, "माह्यावर काहून वरडतं? मी का फिरिज घेतला?"

तर पायलीभर मटकी मी रविवारी भिजवायची, सोमवारी मोड आलेलं भलंमोठं गाठोडं त्यांच्या दारात न्यायचं. दारातच. बैठकीच्या उंबऱ्याशी सैपाकीणबाई येई, माझ्या हातातून गाठोडं घेई, पाण्याचे दोन थेंब त्यावर शिंपडी आणि आत नेऊन ठेवी. फ्रिजला मी हात लावायचा नाही, असं मला कोणी म्हणालं नव्हतं. म्हणावं लागत नव्हतं. मी कुठल्या घरची ते त्यांना ठाऊक होतं आणि उंबरा कुठे आहे ते मला. रोज सकाळी त्याच उंबऱ्याशी उभी राहून मी डबा पुढे करी, ती बाई आतून मटकी आणून वरून डब्यात ओती. त्या फ्रिजच्या आत काय चाललंय हे मला कळायला मार्गच नव्हता.

सोमवार, मंगळवार मटकी बरी असे. बुधवारी जरा मलूल. मोड लांबलेले, टोकं तांबूस. गुरुवारी मात्र हात घातला की बोटांना चिकटे, बोट वर उचललं की बारीक तार सुटे. वास आंबूस, ओल्या पायपुसण्यासारखा. पहिल्या गुरुवारी मी ती सरळ उकिरड्यावर टाकली. झालं! सैपाकीणबाईनं ते पाहिलं, बाईंना सांगितलं, आणि मला पुन्हा बोलावणं.

"दुष्काळात लोकांनी काय खाल्लं विसरलात का? अन्न फेकता?"

हे मला सांगत होत्या! दुष्काळात मी आणि माझी आई खडी फोडायला गेलो होतो. अन्न फेकताना माझ्या हाताला काय वाटलं ते माझं मला माहीत. मी एवढंच म्हटलं, "बाई, तार सुटली होती."

"मग धुवायची. मिठाच्या पाण्यात दोनदा धुतली की साफ. वास राहतो का बघा."

पुढच्या गुरुवारी मी धुतली. तीन पाणी. आणि खरंच सांगते, वास गेला. बुळबुळ गेली. तळातली अगदी लिबलिबीत झालेली मी काढून टाकली आणि वरची, दिसायला पांढरी स्वच्छ, परातीत पसरली. नाकाशी नेली. काही नाही. मला वाटलं, बाई म्हणतात त्यात तथ्य आहे की काय. वरून लिंबू पिळलं, मीठ टाकलं, वाट्या भरल्या.

आमच्याकडे एक पाच वर्षांची पोरगी येई, काटक, बोलघेवडी. तिची आई जिनात जाई. धाकटी बहीण सव्वा वर्षाची. ती आजीजवळ राही, पण आजीला त्या दिवशी कुठं जायचं होतं म्हणून थोरली तिला कडेवर मारूनच बालवाडीत आली. पटावर नसलेल्या पोराला खाऊ द्यायचा नाही असा मंडळाचा नियम. पण ते लेकरू बहिणीच्या वाटीकडे असं काही बघत होतं! मला माया आली. मी माझ्या हातानं चिमूटचिमूट मटकी बोटांनी चुरडली आणि तिच्या तोंडात घातली. एक नाही, पाच-सहा घास. ती हसत होती, तिला चार दात होते. मी पण हसत होते. हे मी कोणावर ढकलू? फ्रिज बाईंचा होता, हुकूम बाईंचा होता, पण घास माझ्या हातचे होते.

शुक्रवारी चार-पाच पोरांची पोटं दुखत होती. एकाला वर्गातच उलटी झाली. थोरली आली नाही. शनिवारीही आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेले.

धाकटी आईच्या मांडीवर होती. डोळे खोल गेलेले. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. ओठ कोरडे. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. परवापासून पाण्यासारखे जुलाब अन् उलट्या, असं आई सांगत होती. शेजारणीनं अंगारा लावला होता. मी ओरडलेच, "अवो, दवाखान्यात काहून नाई नेलं? काय बघून राह्यल्या तुमी?" ती म्हणाली, "जिनातून सुट्टी नाई भेटली, बाई." मी लेकरू उचललं आणि आम्ही दोघी उन्हातून पळत सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथली नर्सबाई उंच, सावळी, आवाज फाटका. पोरीला पाहताच तिनं आधी सगळ्यांना शिव्या घातल्या, मग डॉक्टरांना हाक मारली, मग सुई लावली. सलाईन सुरू झाल्यावर तिनं आईला विचारलं, "काय खाल्लं होतं लेकरानं?"

"काईच नाई, बाई. माह्यं दूध पेते, अन् भाताची पेज."

"अजून काही? आठव."

"काईच नाई."

मी तिथंच उभी होते. चार हातांवर. माझं तोंड उघडलं नाही. मटकी म्हटलं की कुठली मटकी, कुठली म्हटलं की कुठून आणली, आणि मग अध्यक्षीणबाई, आणि मग माझी नोकरी, आणि माझी आई. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं आणि मी भिंतीवरचं कुटुंब नियोजनाचं चित्र बघत उभी राहिले. आज मला त्या बावीस वर्षांच्या माझ्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

नर्सबाईनं आईला बजावलं, "दूध चालू ठेवायचं, थांबवायचं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर सांगते तशी घालून चमच्यानं पाजायची, अन् पेज पातळ करून द्यायची." आई हो हो म्हणाली.

रविवारी मी मटकी भिजवली नाही. सोमवारी पहाटेच बाईंच्या घरी गेले, गेल्या आठवड्याची उरलेली बघावी म्हणून. इतक्या लवकर मी कधी जात नसे. दार उघडं होतं, बैठकीत कोणी नव्हतं. उंबऱ्यावरून मला दिसलं की सैपाकीणबाई भिंतीजवळ वाकली आणि फ्रिजचं बटण दाबलं. तेव्हा कुठं तो गुरगुरायला लागला.

मी विचारलं, "काकू, बटण बंद होतं का?"

"रोजच असते नं. रात्री जेवणं झाली का बंद करतो, सकाळी चालू करतो."

"काहून?"

"काहून म्हणजे? रातभर चालला तर मोटर थकत नाई का? मालकीणबाईच म्हणते, नवा हाय, त्याले आराम पाह्यजे. दुपारी बी आमी झोपलो का त्यालेबी झोपू देतो. अन् बाहेरगावी गेले तर दोन दोन दिस बंद."

मी उंबऱ्यावर हात टेकून खालीच बसले. अरे बापा! रात्री बंद, दुपारी बंद. म्हणजे माझी मटकी ओल्या फडक्यात, बंद कपाटात, चैत्राच्या तोंडावरच्या उकाड्यात अर्धा दिवस कोंडून पडत होती. त्यापेक्षा माझ्या खोलीतलं मडकं परवडलं असतं, त्याला निदान वारा तरी लागतो. आणि बाई सांगतात, फ्रिजमध्ये काही खराब होत नाही! मला हसू येईना, रडू येईना. मी तशीच उठून दवाखान्यात गेले.

धाकटीला सकाळीच घरी सोडलं होतं. नर्सबाई पट्ट्या गुंडाळत होती. मी तिला असंच विचारतेय असं दाखवून विचारलं, "सिस्टर, फ्रिजमधली मटकी बुळबुळीत झाली तर हो?"

तिनं वरही पाहिलं नाही. "फेकायची."

"अन् धुतली तर?"

"धुतलं तर वास जाईल. वास हा तुम्हाला इशारा होता, तोच तुम्ही धुऊन टाकला." मग पट्टी खाली ठेवून म्हणाली, "हे बघा बाई, मोड यायला काय लागतं? ऊब अन् ओल. जंतूंनाही तेच लागतं. मोडाबरोबर तेही वाढतात, वेगळं आमंत्रण लागत नाही. थंडीनं ते मरत नाहीत, नुसते हळू होतात. बुळबुळ आली, आंबूस वास आला, म्हणजे ते बेसुमार झाले. अशी मटकी शिजवूनही खायची नाही, जंतू मेले तरी त्यांनी केलेली घाण मागे राहते. अन् आणखी एक. वास नाही म्हणून चांगली, असंही समजू नका. काही जंतू दिसत नाहीत, वास देत नाहीत, अन् तरी माणसाला आडवं पाडतात."

"मग चांगली ताजी असली तर कच्ची द्यावी का लहान पोराला?"

"कायले? अंगात पाणी केवढं असतं हो एवढ्याशा लेकराच्या? चार जुलाबात डोळे आत जातात, पाहिलंत ना परवा. मोठ्या माणसाला जे दोन दिवस पोटदुखी ते लेकराला जिवावर. कच्चे मोड पाच वर्षांखालच्या पोरांना द्यायचेच नाहीत, पोटुशीला नाहीत, म्हाताऱ्यांना नाहीत. खदखदा शिजवायचे, मऊ होईस्तोवर, अन् गरम गरम खाऊ घालायचे. त्यात सव्वा वर्षाच्या घशात तो दाणा अटकतो ते वेगळंच." आणि मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणी खाल्ली?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

ती पुन्हा पट्ट्या गुंडाळायला लागली. तिला कळलं होतं, मला कळलं होतं की तिला कळलंय, आणि तरी मी निघून आले. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

उजाडलं ते मंगळवारी. मंडळाची बैठक होती, बाईंच्या बैठकीत. आठ-नऊ जणी सतरंजीवर, मी दाराजवळ. उलटी झालेल्या पोराच्या बापानं कुठंतरी तक्रार केली होती, म्हणून बैठक. अध्यक्षीणबाईंनी तोपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं.

"रोग त्या जिनातल्या बाईच्या घरून आला. थोरली धाकटीला घेऊन येते काय, घरात स्वच्छता नाही, पाणी कुठलं पाजतात देव जाणे. आई उन्हातानात राबते आणि तेच तापलेलं दूध पोरीला पाजते. मी तिच्या सासूलाही बोलावून सांगितलंय. उद्यापासून थोरलीचं नाव कमी करा, म्हणजे बाकीच्या मुलांना धोका नको."

दोन-तीन जणींनी माना हलवल्या. एकीनं माझ्याकडे वही सरकवली, नाव खोडायला.

मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं होतं. आणि मग माझं डोकं सटकलं. देवाशप्पथ म्हणायची माझी रीत नाही, पण आतून काहीतरी उसळलंच. मी म्हटलं, "रोग तिच्या घरून नाही आला. ह्या फ्रिजमधून आला!"

सगळ्या जणी फ्रिजकडे वळून बघायला लागल्या. त्याच्या डोक्यावर फुलदाणी होती.

"तुम्ही रात्री त्याला बंद करता. दुपारी बंद करता. ओली मटकी आत सडते. तार सुटलेली मटकी मी धुतली, तुम्ही म्हटलं म्हणून धुतली, अन् पोरांना कच्ची चारली. उलटी झाली ती त्याच्यानं. अन् ते धाकटं लेकरू घरी काही खाऊन आजारी नाही पडलं. मी भरवलं त्याला. ह्या हातानं. पटावर नसताना भरवलं. नाव खोडायचं तर माझं खोडा, अन् ते तुम्ही खोडा, मी नाही खोडणार!"

एवढं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सैपाकीणबाई आतून येऊन दारात उभी राहिली. अध्यक्षीणबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या काय म्हणाल्या असतील? लेकरू कसं आहे? नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फ्रिजला खराब म्हणताय तुम्ही?"

ह्या प्रश्नावर मी आजही हात टेकते. मी म्हटलं, "फ्रिज चांगला आहे बाई. त्याला चालू द्या म्हणजे झालं. अन् पोरांची मटकी त्यात नको. मी रोजची रोज भिजवीन, रोजची रोज शिजवीन, नाहीतर दुसरी बाई बघा." आणि उठून आले. नोकरी गेली असं धरूनच चालले होते मी. पुढं ती गेली नाही, कारण एवढ्या मानधनात नाकं पुसायला दुसरी कोणी मिळाली नाही, आणि उसळ पुन्हा चुलीवर चढली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मला काही माहीत नव्हतं.

घरी न जाता मी आधी त्या पोरींच्या घरी गेले.

आई ओट्यावर बसली होती. धाकटी मांडीवर, बोट चोखत कुरकुरत होती. जुलाब थांबले होते, डोळे जरा वर आले होते, पण अंगात काही जोर नव्हता. शेजारी कपात काळा चहा होता आणि थोरली तो चमच्यानं तिला पाजत होती. मी म्हटलं, "चहा काहून? दूध पाज म्हणून सांगितलं होतं ना सिस्टरनं?"

तिनं पदर छातीवर घट्ट ओढून घेतला. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. गाठोडं, फ्रिज, तार, तीन पाणी, माझी बोटं, पाच-सहा घास. दवाखान्यात मी गप्प उभी राहिले तेही सांगितलं. मला वाटलं ती मला झोडपेल. मला तेच हवं होतं, खरं म्हणजे. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग हळूच विचारलं, "मंग माह्यं दूध नव्हतं बाधलं?"

"नाही. तुमच्या दुधात काहीच खोट नव्हती."

"सासू म्हणे, उन्हात काम करते, दूध नासलं. मोठ्या बाईनंबी तेच सांगतलं तिले. दवाखान्यात मी हाव म्हटलं, पण मले भेव लागे. आपल्याच दुधानं लेकरू मरन." तिचं बोलणं शांत होतं, त्यानंच मला जास्त लागत होतं. "चार दिस झाले, बाई. ते रडे छातीकडे हात करून, अन् मी भितीकडे तोंड करून दूध मातीत पिळून टाको. तुमी शनिवारी बोलल्या असत्या तं..."

तिनं पदर बाजूला केला आणि धाकटीला जवळ घेतलं. लेकरानं आधी तोंड फिरवलं, त्याला सवय मोडल्यासारखी झाली होती. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा त्यानं धरलं आणि ओढायला लागलं, पण दूध आटत आलं होतं, त्याला पुरत नव्हतं, ते सोडून रडे आणि पुन्हा धरी. आम्ही दोघी ते बघत बसलो. तिनं मला जा म्हटलं नाही की बस म्हटलं नाही.